आयटीआयनंतर पदवीची वाट बंद होते का?

रिठदसारख्या गावात दहावीला ४८ टक्के मिळाले की घरचे म्हणतात, "आयटीआयला गेला की पदवी संपली." हा समज चुकीचा आहे. आयटीआय म्हणजे हाताने करायच्या एका व्यवसायाचे प्रशिक्षण. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) व्हायला दोन वर्षे लागतात. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी (कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकणे) करता येते. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घरात पैसे येऊ लागतात. बारावी आणि तीन वर्षांची बीए यांत मात्र एकविसावे वर्ष उजाडते.

दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या संबंधित पदविकेत (डिप्लोमा) थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. थेट एसटी नसली की आपण गाडी बदलून गाव गाठतो, तसेच हे.

अडचण गणिताची येते. थेट दुसऱ्या वर्षात बसलेल्या मुलाचे पहिल्या वर्षाचे गणित राहिलेले असते आणि पुढचे विषय त्यावरच उभे असतात. त्यामुळे शिकाऊ उमेदवारीच्या काळातच त्या गणिताचे पुस्तक हाती घ्यावे. शिक्षक, बँक किंवा स्पर्धा परीक्षा हेच ध्येय असेल, तर मात्र सर्वसाधारण पदवीच सरळ पडते.