एक माणूस, दोन नोकऱ्या, दोन पीएफ: पेन्शन मात्र किती?

मागच्या आठवड्याच्या पगारपत्रकाच्या व्हिडिओनंतर नाशिकच्या आपल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचं मसाला पॅकिंगचं युनिट आहे, 24 माणसं कामाला. हिशेबासाठी त्यांनी एक अकाउंटंट ठेवला. तो दिवसा एका कंपनीत नोकरी करतो आणि संध्याकाळी सहा ते नऊ ताईंकडे येतो. पगार ठरला 9000 रुपये. ताईंचा प्रश्न सरळ होता, "सर, त्याचा पीएफ तिकडे कापला जातोच की. मग मी कशाला परत भरू?"

हा प्रश्न तुम्हालाही आज ना उद्या पडणार. कारण छोट्या धंद्याला पूर्ण वेळ अकाउंटंट किंवा मशीन मेकॅनिक परवडत नाही. आपण अर्धवेळ माणूसच शोधतो, आणि त्याची दुसरीकडे नोकरी असतेच.

आधी ताईंचं उत्तर. भरावाच लागतो. पीएफची जबाबदारी आस्थापनेची असते आणि ती त्या आस्थापनेने दिलेल्या पगारावर असते. पहिला मालक त्याच्या पगारावर भरतो, तुमच्या पगारावर तुम्ही भरायचं. तुमच्याकडे 20 किंवा जास्त माणसं असतील तर कायदा लागू, आणि या 20 मध्ये अर्धवेळ माणूसही मोजला जातो. (19 पक्के आणि एक संध्याकाळचा, असं करून सुटता येत नाही. आणि एकदा लागू झाला की नंतर माणसं 15 झाली तरी पीएफ सुटत नाही.) माझ्या दुकानात सहाच जण आहेत, म्हणून मला हे लागू नाही. ताईंना आहे.

आता आकडे बघू. 9000 च्या 12 टक्के म्हणजे 1080 रुपये अकाउंटंटच्या पगारातून कापायचे. तेवढेच 1080 ताईंनी भरायचे. पण ताईंचे 1080 सगळे एका डब्यात जात नाहीत. त्यातले 8.33 टक्के, म्हणजे 750 रुपये, पेन्शन योजनेत जातात. तिलाच ईपीएस म्हणतात. उरलेले 330 त्याच्या पीएफ खात्यात. म्हणजे पीएफमध्ये दर महिन्याला 1080 अधिक 330, एकूण 1410 रुपये जमा. (वर थोडा प्रशासकीय खर्च आणि विम्याचा हप्ता ताईंनाच लागतो, तो वेगळा.)

दिवसाच्या कंपनीत त्याचा मूळ पगार 18000 आहे. तिथे पेन्शनचा हिस्सा 15000 च्याच 8.33 टक्क्यांवर निघतो, म्हणजे 1250 रुपये. कारण पेन्शनसाठी पगाराची मर्यादा 15000 आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अकाउंटंटला वाटतं, "दोन्हीकडून पेन्शनचे पैसे जातात, म्हणजे मला दोन पेन्शन." ताईंनाही तसंच वाटलं. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

पीएफ हे गुल्लक आहे. दोन माणसांनी पैसे टाकले तर ते जास्त भरतं. ताईंकडे तो आठ वर्षं राहिला आणि पगार तोच राहिला, तरी 1410 गुणिले 96 महिने, म्हणजे 1,35,360 रुपये मुद्दल आणि वर व्याज. ते सगळं त्याचं. दुसऱ्या नोकरीचा फायदा इथे खणखणीत दिसतो.

पेन्शन मात्र गुल्लक नाही, ते सूत्र आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी, तीही जास्तीत जास्त 15000. सेवा म्हणजे वर्षं. आणि वर्षं कॅलेंडरचीच असतात हो. 2026 साल तो दोन ठिकाणी राबला म्हणून ते दोनदा मोजलं जात नाही.

याच अकाउंटंटचा हिशेब मांडू. 2015 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, तो 14000 मूळ पगारावर पहिल्या कंपनीत लागला आणि तेव्हाच पेन्शन योजनेचा सभासद झाला. 58 वर्षांपर्यंत तिथेच राहिला तर सेवा होते 25 वर्षं. 20 वर्षं पूर्ण करून 58 ला निवृत्त झालं की दोन वर्षं वाढीव मिळतात, म्हणून 27 धरा. 15000 गुणिले 27 भागिले 70, म्हणजे साधारण 5785 रुपये महिना.

आता ताईंकडची आठ वर्षं त्यात मिळवून 35 करायची आणि 7500 म्हणायचं, असं त्याने कागदावर केलं होतं. चूक. ती आठ वर्षं त्याच 25 च्या आतली आहेत. आणि पगाराची मर्यादाही पहिल्याच नोकरीत संपली आहे. त्यामुळे ताईंच्या 750 रुपयांनी त्याची पेन्शन वाढत नाही. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्याला आजच सांगा. 58 व्या वर्षी कळण्यापेक्षा बरं.

याचाच दुसरा चटका कमी सेवा असलेल्यांना बसतो. मासिक पेन्शनसाठी 10 वर्षं सेवा लागते. एकाच काळात इकडे सहा आणि तिकडे सहा वर्षं केली तर ती बारा होत नाहीत, सहाच राहतात. एक नोकरी संपवून दुसरीकडे सहा वर्षं केली, तर मात्र बेरीज होते.

मालक म्हणून तुमचं काम कुठे आहे? भरती करताना. फॉर्म 11 भरून घ्या, त्यात आधीचं पीएफ सभासदत्व विचारलेलं असतं. "आधी कुठे सभासद होतो" याला फक्त जुनी नोकरी समजू नका, चालू नोकरीही त्यातच आली. त्याचा यूएएन नंबर घ्या आणि पोर्टलवर त्याच नंबरवर त्याला तुमच्या आस्थापनेत जोडा. यूएएन माणसाचा असतो आणि एकच असतो. मेंबर आयडी आस्थापनेप्रमाणे वेगळा असतो. दोन नोकऱ्या म्हणजे एक यूएएन आणि त्याखाली दोन मेंबर आयडी, हे योग्य चित्र. काही जण पहिल्या मालकाला कळू नये म्हणून नंबर लपवतात आणि दुसरा यूएएन तयार होतो. मग दोन पासबुकं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि निस्तरायला महिने जातात. पहिल्या नोकरीच्या नेमणूकपत्रात दुसरं काम करायला मनाई आहे का, हे त्यालाच आधी बघायला सांगा. ती अडचण लपवाछपवीने सुटत नाही.

बरोबर झालंय हे ओळखायचं कसं? पहिला पगार भरल्यानंतर त्याला पासबुक उघडायला सांगा. मेंबर आयडीच्या यादीत दोन नावं दिसली पाहिजेत, आणि तुमच्या नावाखाली 1080, 330 आणि पेन्शनच्या रकान्यात 750. एवढं दिसलं की झालं.

शेवटची गोष्ट, तो काम सोडतो तेव्हाची. सोडल्याची तारीख पोर्टलवर लगेच टाका. छोटे मालक हेच विसरतात. तारीख नसली की तो अजून तुमच्याकडेच आहे असं दिसतं आणि ट्रान्सफर अडकते. तुम्ही विसरलात तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तो स्वतःही ती टाकू शकतो. मग तुमच्याकडची रक्कम त्याने पहिल्या नोकरीच्या मेंबर आयडीत ट्रान्सफर करून घ्यायची. पूर्वी दोन्हीकडच्या तारखा एकावर एक येतात म्हणून असे दावे परत यायचे. मे 2025 मध्ये ईपीएफओने परिपत्रक काढून, केवळ या कारणाने ट्रान्सफर नाकारू नका असं आपल्या कार्यालयांना सांगितलं. तरी दोन्हीकडच्या नेमणूकपत्रांच्या प्रती त्याच्या फाइलमध्ये ठेवा. विचारणा झालीच तर तेच दाखवावं लागतं.

ताईंनी त्या संध्याकाळीच फॉर्म 11 भरून घेतला. अकाउंटंटने पेन्शनचा हिशेब ऐकून थोडं तोंड वाकडं केलं. मग पीएफचा आकडा बघून म्हणाला, "चालेल ताई, 1410 तर 1410."

पगाराची स्लिप समोर घेऊन तुमच्याकडच्या अर्धवेळ माणसाचा असा हिशेब करा आणि अडलं तर खाली आकड्यांसकट लिहा.