चढउतार मोठे, मोबदला लहान

कॅपिटल अ‍ॅसेट प्रायसिंग मॉडेल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडचं ‘कॅपएम’, शिकवून झालं की वर्गात एक शंका हमखास निघते. यंदा एका विद्यार्थिनीने ती नेमकी मांडली. “सर, ज्या शेअरचा भाव जास्त वरखाली होतो तो जास्त धोक्याचा. मग त्यावर परतावाही जास्त मिळायला हवा. सूत्रात मात्र फक्त बीटा आहे. उरलेल्या धोक्याचा मोबदला का नाही?”

शंका रास्त आहे. उत्तरासाठी मी फळ्यावर दोन काल्पनिक कंपन्या घेतल्या. पहिली औषधांची. तिचं सगळं भवितव्य नव्या औषधाला परवानगी मिळते की नाही यावर. तिच्या शेअरचा वार्षिक चढउतार, म्हणजे संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन, ३७ टक्के. दुसरी पोलादाची. बांधकामं आणि वाहनविक्री वाढली की तिची चलती, मंदी आली की तिचीही मंदी. तिचा चढउतार २६ टक्के. वरवर पाहता औषध कंपनीच धोक्याची.

आता बीटा पाहू. बाजार एक टक्का हलला तर शेअर सरासरीने किती हलतो, ते बीटा सांगतो. औषध कंपनीचा बीटा ०.६ आणि पोलाद कंपनीचा १.२ धरू. संपूर्ण बाजाराचा चढउतार २० टक्के असेल, तर औषध कंपनीच्या चढउतारात बाजारामुळे येणारा भाग १२ टक्क्यांचा, आणि तिच्या स्वतःच्या कारणांमुळे येणारा ३५ टक्क्यांचा. या दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही, कारण ती कारणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज करायची: १४४ अधिक १२२५, म्हणजे १३६९, आणि त्याचं वर्गमूळ ३७. पोलाद कंपनीत हेच भाग २४ आणि १० टक्क्यांचे निघतात.

समजा, कुणी अशा एका औषध कंपनीऐवजी शंभर औषध कंपन्यांत सारखे पैसे गुंतवले. एकीचं औषध नाकारलं जातं तेव्हा दुसरीचं मंजूर होतं. त्यामुळे ३५ टक्क्यांचा स्वतःचा भाग शंभराच्या वर्गमूळाने, म्हणजे दहाने भागला जातो आणि ३.५ टक्क्यांवर येतो. बाजाराचे १२ टक्के मात्र जागचे हलत नाहीत. एकूण चढउतार उरतो १२.५ टक्के. पोलादासारख्या शंभर कंपन्या घेतल्या तरी तो सुमारे २४ टक्केच राहतो, कारण मंदी सगळ्यांना एकदमच गाठते. सुटा शेअर पाहताना लावलेला क्रम इथे उलटला.

तरीही विद्यार्थिनीचा मुद्दा उरतोच. ज्याने एकच शेअर घेतलाय, तो ३७ टक्के सोसतो. त्याला मोबदला का नको? कारण भाव तो एकटा ठरवत नाही. सरकारी रोख्यांवर ७ टक्के मिळतात आणि बाजाराची जोखीम घेण्याबद्दल वर ६ टक्के, असं धरू. सूत्राप्रमाणे औषध कंपनीवर ७ अधिक ०.६ गुणिले ६, म्हणजे १०.६ टक्के परतावा अपेक्षित. समजा, शेअरचा भाव १०० रुपये आहे आणि वर्षभराने सरासरी ११६ रुपये हाती येतील असा अंदाज आहे. पैसे अनेक कंपन्यांत विभागणाऱ्याला दिसतं, की आपल्यापुरता यातला धोका थोडा आणि परतावा १६ टक्के. तो खरेदी करत राहतो, भाव सुमारे १०५ रुपयांवर जातो आणि तिथून परतावा १०.६ टक्केच उरतो. जो धोका दुसरा कुणी जवळजवळ फुकटात उतरवू शकतो, त्याचे पैसे बाजार देत नाही. हाच माझ्या उत्तराचा गाभा.

विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये हे मॉडेल मांडताना सगळेच गुंतवणूकदार असे विभागून गुंतवतात असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात तसं नसतं. म्हणूनच रॉबर्ट मर्टन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की गुंतवणूकदार मोजकेच शेअर बाळगत असतील तर कंपनीच्या स्वतःच्या जोखमीलाही काही मोबदला मिळू शकतो. बीटाचा मोबदलाही प्रत्यक्ष आकडेवारीत सूत्र सांगतं त्यापेक्षा कमी भरतो. हे फिशर ब्लॅक, मायकेल जेन्सन आणि मायरन शोल्स यांनी १९७२ मध्येच अमेरिकी शेअरांवर दाखवलं होतं.

माझ्या शंभर कंपन्यांच्या उदाहरणातही एक अट दडलेली आहे. त्यांची कारणं खरोखर वेगवेगळी हवीत. औषधांच्या किमतींवर सरकारने एकाच फटक्यात निर्बंध आणले तर सगळ्याच सापडतील. त्यांच्या ‘स्वतःच्या’ चढउतारांत ०.२ इतकाही सहसंबंध असला, तरी ३५ टक्क्यांतले साधारण १६ टक्के कितीही शेअर घेतले तरी उरतात. एकाच क्षेत्रातले वीस शेअर घेऊन पैसे विभागले असं समजणाऱ्याने हे तपासावं.

आणि ज्या कंपनीत नोकरी, तिच्याच शेअरमध्ये आयुष्यभराची बचत ठेवू नये. अमेरिकेतल्या एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीचा मोठा हिस्सा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्यांची नोकरी आणि बचत दोन्ही एकदम गेली.