यादीच नसेल, तर बांधकाम मजुरांचं सर्वेक्षण कसं करतात?

जळगाव-धुळ्यात बाहेरून आलेल्या बांधकाम मजुरांची पूर्ण यादी मिळत नाही. कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सतत साइट बदलणारे त्यातून सुटतात. मग संशोधक एका मजुराला भेटतात, तो ओळखीचे सुचवतो, ते आणखी काहींना. हेच 'स्नोबॉल सॅम्पलिंग'.

पण सुरुवात एकाच मुकादमाच्या टोळीतून झाली, तर सगळ्यांची मजुरी सारखीच दिसते. म्हणून वेगवेगळ्या नाक्यांवरून सुरुवात करतात आणि ओळखीच्यांना द्यायला प्रत्येकाकडे तीनच कूपनं देतात.

20 मजुरांना ओळखणारा साखळीत येण्याची शक्यता 4 जणांना ओळखणाऱ्याच्या साधारण पाचपट. म्हणून हिशेबात दुसऱ्याच्या उत्तराला पाचपट वजन देतात. ही सुधारणा डग्लस हेकाथॉर्न यांच्या 1997 च्या पद्धतीतून आली. मात्र कुणाच्याच ओळखीत नसलेला मजूर इथेही सुटतोच.