पहिल्या दोन ओळींत स्टॉल सापडला पाहिजे

दिल्लीच्या प्रगती मैदानावर, म्हणजे आजच्या भारत मंडपमच्या आवारात, दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. कोल्हापूरचा एखादा चप्पल कारागीर तिथे स्टॉल घेतो तेव्हा इन्स्टाग्रामवरच्या त्याच्या पोस्टखाली साधारण असा मजकूर असतो: ‘आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की, आमच्या तीन पिढ्यांची परंपरा...’ मोबाइलवर एवढ्यातच ओळ तुटते. पुढे वाचायला बोट लावावे लागते, आणि ते कष्ट फारसे कोणी घेत नाही. स्टॉल कुठे, हे सांगायचे राहूनच जाते.

म्हणून क्रम उलटा हवा. वस्तू, गाव, तारखा आणि जागा आधी. पिढ्यांची परंपरा नंतर. नमुन्यादाखल:

‘अस्सल कोल्हापुरी कापशी चप्पल, आता दिल्लीत. १९ ते २७ नोव्हेंबर, भारत मंडपम, महाराष्ट्र दालन.’

मेळा १४ तारखेला सुरू होतो, मग १९ का? अलीकडच्या वर्षांत पहिले पाच दिवस प्रामुख्याने व्यापाऱ्यांसाठी राखलेले असतात आणि त्या दिवसांचे तिकीट महाग असते. घरच्यांसाठी जोड घ्यायला निघालेले कुटुंब १५ तारखेला दाराशी पोहोचले, तर ते कारागिरावरच चिडणार. घाऊक खरेदीदारांना १४ ते १८ चे निमंत्रण वेगळे द्यावे.

जागेचा तपशील जरा जपून द्यावा लागतो. नुसता ‘स्टॉल क्र. २३’ निरुपयोगी, कारण तोच क्रमांक दुसऱ्या हॉलमध्येही असू शकतो. आधी जवळचे मेट्रो स्थानक, मग हॉल, मग दालन आणि शेवटी क्रमांक, म्हणजे पाहुणा ज्या वाटेने चालत येणार तोच क्रम. क्रमांक हातात पडायला उशीर झाला तर दालनाच्या नावावर पहिली पोस्ट टाकावी आणि स्टॉल मांडल्यावर समोरून काढलेल्या फोटोसह दुसरी. अंदाजाने क्रमांक छापू नये.

खरी गोची सवलतीत होते. समजा, १,५०० रुपयांच्या जोडामागे चामडे, मजुरी, प्रवास आणि भाडे धरून १,१०० रुपये खर्च आहे. ‘२० टक्के सूट’ म्हणजे ३०० रुपये गेले; ४०० च्या नफ्यातले उरले १००. शिवाय आकडा लिहिलाच आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक घासाघीस त्याच्या खालून सुरू करते! त्यापेक्षा उरलेल्या चामड्याच्या तुकड्यांची किल्लीसाखळी भेट द्यावी: ‘स्टॉलवर “कापशी” म्हणा, प्रत्येक जोडामागे किल्लीसाखळी मोफत. साठा असेपर्यंत.’ शेवटचे दोन शब्द गाळले, तर साखळ्या संपल्यावर वाद अटळ. आणि ‘कापशी’ म्हणणारे किती आले याच्या रेघा वहीत ओढल्या, की पोस्ट वाचून आलेली माणसे निराळी मोजता येतात.