*गिरणी आणि गोदामातली धूळ: झटकू नका, पुसून काढा*



हंगामाआधी गिरणी, क्लीनिंग-ग्रेडिंग शेड आणि गोदाम साफ करायचे काम सुरू असेल. त्याआधी हे वाचा.

पोत्यातले पीठ सहसा नुसते धुमसते. तेच पीठ हवेत ढगासारखे उडाले आणि ठिणगी मिळाली, तर एका क्षणात सगळा ढग पेटतो. बंद खोलीत त्याचाच स्फोट होतो. धान्याच्या आणि डाळीच्या कोरड्या धुळीचेही तसेच. इटलीतल्या तुरिन शहरात १७८५ साली एका बेकरीच्या कोठारात पीठ उकरताना वरचा ढीग कोसळला. उडालेला ढग भिंतीवरच्या दिव्याने पेटला आणि दोघे जखमी झाले.

*किती धूळ धोक्याची?*
एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर थर म्हणजे साधारण अर्धा किलो पीठ. शेड ५ मीटर उंच असेल आणि सगळीकडचा असा थर उडाला, तर दर घनमीटर हवेत १०० ग्रॅम पीठ होते. स्फोटाला ५०-६० ग्रॅमही पुरते. म्हणून थरावर बोटाने रेघ उमटली, की साफसफाईची वेळ झाली समजा.

खरा घात होतो तो कैच्या, पत्र्याच्या कडा आणि केबलवर बसलेल्या धुळीने. मशीनमध्ये छोटा भडका उडतो, त्याच्या धक्क्याने वरची धूळ खाली येते आणि दुसरा, मोठा स्फोट होतो.

*सफाई कशी करायची?*
मशीन बंद करून थंड होऊ द्या. दारे-खिडक्या उघडा. वरून खाली या. मऊ झाडूने हळू ओढा, ओल्या फडक्याने पुसा. ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्याने आपणच ढग तयार करतो. साधा घरगुती व्हॅक्यूमही नको, त्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडते.

*ठिणगी कुठून येते?*
१) एलिव्हेटरचा बेल्ट घसरतो किंवा कडेला घासतो. जळक्या रबराचा वास आला की लगेच बंद करा.
२) बेअरिंग तापते. मशीन थांबवून हात लावून बघा. हात टिकत नसेल तर दुरुस्तीशिवाय चालू करू नका.
३) धान्यातले खिळे, खडे. चाळणी आणि लोहचुंबक रोज साफ करा.
४) वेल्डिंग, ग्राइंडर. आधी ३५ फुटांपर्यंतची धूळ काढा, मशीनची तोंडे झाका. काम संपल्यावर तासभर एक माणूस तिथे थांबवा.
५) उघडा बल्ब, सैल वायर, बिडी. आत काहीही चालणार नाही.

*पीठ धुमसताना दिसले तर* त्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, पीठ उडेल. बाहेरून मेन स्विच बंद करा, माणसे बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

शेडमध्ये काम करणाऱ्या गड्यांनाही हा मेसेज वाचून दाखवा.