पंख्याचे गणित : ब्रशविरहित मोटार वर्षाकाठी खरोखर किती वीज वाचवते?

आमच्या निवासी विद्यालयात एकूण ४० छताचे पंखे आहेत. वसतिगृहाच्या खोल्यांत १६, वर्गखोल्यांत १६ आणि सभागृहात ८. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने हे सर्व पंखे काढून त्यांच्या जागी ब्रशविरहित मोटारीचे, म्हणजे बाजारात ज्यांना ‘बीएलडीसी’ म्हणतात ते पंखे बसवून देण्याचा प्रस्ताव ठेवला. पंखा ३,००० रुपयांना धरला तर खर्च १ लाख २० हजार रुपये. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने सोबत एक हिशेब जोडला होता. त्यात शाळेची दरवर्षी जवळजवळ १० हजार युनिट वीज वाचेल, असे म्हटले होते. देणगीचा पैसा हा कष्टाचा पैसा असतो. तो स्वीकारण्यापूर्वी हा आकडा तपासणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानले. त्या तपासणीतून जे उमगले ते येथे मांडत आहोत.

प्रथम दोन्ही पंख्यांतील भेद समजून घेऊ. जुन्या पंख्याच्या पोटात तांब्याच्या तारेची स्थिर वेटोळी असतात. त्यांच्याभोवती बाहेरचे कवच फिरते आणि त्याच कवचाला पाती जोडलेली असतात. या कवचात चुंबक नसतो, ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा असतो. वेटोळ्यांतून वीज वाहू लागली की फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते पिंजऱ्यात वीजप्रवाह उत्पन्न करते आणि त्या प्रवाहाच्या बळावर पिंजरा क्षेत्रामागे धावू लागतो. मात्र तो क्षेत्राच्या वेगाची बरोबरी कधीच करू शकत नाही, कारण बरोबरी झाली तर पिंजऱ्यात प्रवाहच उत्पन्न होणार नाही. हे मागे राहणे आणि पिंजऱ्यातून व वेटोळ्यांतून प्रवाह वाहणे यांत बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तासभर चाललेला जुना पंखा बंद करून, पाती थांबल्यावर, त्याच्या मधल्या गोलाला हात लावून पाहावा. हाताला लागणारी ती ऊब म्हणजे वारा न देता खर्च झालेली वीज होय.

ब्रशविरहित पंख्यात फिरत्या कवचाच्या आतल्या बाजूस कायमचे चुंबक बसविलेले असतात. त्यामुळे कवचात प्रवाह उत्पन्न करण्याची गरजच उरत नाही. एक लहानसे इलेक्ट्रॉनिक सर्किट घरातील प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर एकदिश विजेत करते आणि ती आळीपाळीने वेगवेगळ्या वेटोळ्यांना देते. चुंबक त्या क्रमाबरोबर तंतोतंत पावले टाकत फिरतात. वारा ढकलण्याचे काम दोन्ही पंख्यांत जवळपास सारखेच असते. वाचते ती मोटारीत वाया जाणारी वीज.

आता ही बचत किती? त्यासाठी खोक्यावरील आकड्यावर विसंबून राहण्याचे कारण नाही, भिंतीवरचा मीटर पुरेसा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. शिक्षक-निवासातील ज्या मीटरवर आम्ही मोजणी केली त्यावर तो ३२०० होता. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून केवळ जुना पंखा पूर्ण वेगाने चालविला आणि दहा लुकलुकींना लागणारा वेळ घड्याळावर मोजला. तो सुमारे १५० सेकंद भरला. ३२०० लुकलुकी म्हणजे १००० वॅट-तास, म्हणून दहा लुकलुकी म्हणजे ३.१२५ वॅट-तास. एका तासात १५० सेकंदांचे २४ भाग पडतात. ३.१२५ गुणिले २४ म्हणजे ७५ वॅट. त्याच जागी नवा पंखा लावून मोजले तेव्हा दहा लुकलुकींना ३७५ सेकंद लागले. उत्तर आले ३० वॅट. म्हणजे पूर्ण वेगावर फरक ४५ वॅटचा. येथवर विक्रेत्याचे म्हणणे खरे होते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही वायरमन चिमट्याच्या मीटरने प्रवाह मोजून त्याला २३० ने गुणतात आणि आलेल्या उत्तराला वॅट समजतात. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या पंख्याच्या बाबतीत हे उत्तर पुष्कळदा खऱ्यापेक्षा बरेच मोठे येते, कारण असा पंखा घेत असलेला प्रवाह विद्युतदाबाच्या चालीशी जुळून येतोच असे नाही. आपल्या घरचा मीटर मात्र खरी खर्च झालेली वीजच मोजतो.

विक्रेत्याच्या हिशेबातील घोळ वॅटमध्ये नव्हता, तासांत होता. प्रत्येक पंखा वर्षाचे ३६५ दिवस, रोज १५ तास, पूर्ण वेगाने चालतो असे त्याने गृहीत धरले होते. त्यानुसार एका पंख्यामागे २४६ युनिटची बचत निघते. पण आमची शाळा धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर आहे. येथे थंडीच्या रात्री मुले पांघरूण ओढून झोपतात, पंख्याच्या बटणाकडे कोणी फिरकत नाही. आणि ज्या मे महिन्यात पंख्याची खरी गरज भासते, त्या महिन्यात वसतिगृहाला कुलूप असते, कारण मुले सुट्टीसाठी गावी गेलेली असतात.

म्हणून वसतिगृहातील एका पंख्याचे तास आम्ही ऋतूनुसार मोजले. मार्च-एप्रिलचे ६० दिवस, रोज १२ तास. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सुट्ट्या वजा जाता १३० दिवस, रोज १० तास. हिवाळ्याचे ११० दिवस, सरासरी २ तास. बेरीज २,२४० तास. त्यांपैकी साधारण १,४०० तास पंखा पूर्ण वेगाने आणि उरलेले ८४० तास मध्यम वेगाने चालतो.

मध्यम वेगाचा विचार वेगळा करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर जुना पंखा मध्यम वेगाला ४० वॅटच्या आसपास येतो आणि नवा १५ वॅटच्या. म्हणजे फरक ४५ वरून २५ वर उतरतो. (जुन्या पद्धतीचा, तापणारा मोठा पेटीचा रेग्युलेटर असेल तर मात्र पंखा मंद केला तरी विजेचा काही भाग त्या पेटीतच जळतो, आणि अशा ठिकाणी फरक अधिक पडतो.) आता हिशेब असा होतो : १,४०० तास गुणिले ४५ वॅट म्हणजे ६३ युनिट, ८४० तास गुणिले २५ वॅट म्हणजे २१ युनिट. वसतिगृहातील एका पंख्यामागे वर्षाची खरी बचत ८४ युनिट.

वर्गखोल्यांतील पंखे साधारण १३० दिवस, रोज ६ तास चालतात. तेथे बचत ३५ युनिटची. सभागृहातील पंखे तेवढेच दिवस, पण रोज जेमतेम २ तास. तेथे १२ युनिट. सोळा खोल्यांचे १,३४४, सोळा वर्गपंख्यांचे ५६० आणि सभागृहाचे ९६ मिळून बरोबर २,००० युनिट होतात. दहा हजारांचा आकडा दोन हजारांवर आला. पंखा तोच, मोटार तीच, केवळ तास खरे मोजले.

युनिटमागे ८ रुपये धरले तर वसतिगृहातील पंखा वर्षाला ६७२ रुपये वाचवतो आणि आपली किंमत साडेचार वर्षांत फेडतो. वर्गातील पंख्याला त्यासाठी जवळजवळ अकरा वर्षे लागतात. सभागृहातील पंख्याला तीस वर्षांहून अधिक, म्हणजे तो आपल्या हयातीत ती फेडणारच नाही. एकूण बचतीपैकी दोन-तृतीयांश वाटा ज्या सोळा पंख्यांचा आहे, त्यांचा खर्च मात्र ४८ हजार रुपयेच आहे.

जुना पंखा जळाला आणि नवा घ्यायचाच असेल, तर तुलना वेगळी होते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा-बचतीचे तारांकन सक्तीचे झाले आहे. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, त्या आकड्याला वॅटने भागून हे तारे ठरतात. नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याला एका ताऱ्यासाठी भागाकार किमान ४ यावा लागतो आणि पाच ताऱ्यांसाठी किमान ६. मिनिटाला २१० घनमीटर हवा देणारा एकतारांकित साधा पंखा त्यामुळे सुमारे ५२ वॅटचा असतो. म्हणजे नव्या साध्या पंख्याच्या तुलनेत ब्रशविरहित पंख्याची बचत ४५ वॅट नसून वीस-बावीस वॅटच असते. वसतिगृहात ती वर्षाला ४० युनिट, म्हणजे ३२० रुपये भरेल. दोहोंच्या किमतीत १,४०० रुपयांचा फरक असेल तर तो भरून निघायला चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. खरेदी करताना केवळ वॅट न पाहता हवेचा आकडाही पाहावा, कारण वारा कमी करून वॅट कमी करणे कोणालाही जमते.

पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली विद्युतदाबाची. संध्याकाळी गावाकडे दाब उतरला की जुना पंखा रेंगाळतो, तर नव्याचे सर्किट बऱ्याच खालच्या दाबापर्यंत वेग टिकवून धरते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या त्याच बॅटरीवर तो दुपटीहून अधिक वेळ चालतो. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. जुन्या पंख्याचा कंडेन्सर वा वाइंडिंग तालुक्याच्या गावी कोणीही मिस्त्री बदलून देतो. नव्याचे सर्किट विजेच्या कडकडाटात किंवा दाबाच्या झटक्याने जळाले तर बहुधा संपूर्ण सर्किटच बदलावे लागते आणि त्या एका दुरुस्तीत वर्ष-दोन वर्षांची बचत निघून जाते. म्हणून हमीची मुदत किती आणि सर्किट कोठे मिळेल, हे आधी विचारावे. तसेच नवा पंखा जुन्या रेग्युलेटरमधून कधीही जोडू नये. रेग्युलेटर काढून थेट बटणावर घ्यावा. वेग त्याच्या रिमोटने बदलतो.

घरी विचार करणाऱ्यांसाठी एक शब्द. घरातील पंखा मे महिन्यातही चालतो, त्यामुळे तेथे जुन्या पंख्यामागे वर्षाला सव्वाशेच्या आसपास, म्हणजे महिन्याला दहा युनिटची बचत होऊ शकते. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढील विजेचा दर चढा असतो आणि वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातूनच कमी होतात. ज्यांचे बिल शंभराच्या पुढे जाते त्यांचा लाभ म्हणूनच मोठा. साठ-सत्तर युनिटांत भागणाऱ्या घराचा लाभ थोडा, आणि त्या घराने चालू पंखा मोडीत काढण्याची घाई करू नये.

आम्ही माजी विद्यार्थ्यांना कळविले की, आपण केवळ वसतिगृहाचे सोळा पंखे द्यावेत. वर्गातले पंखे जसजसे जळतील तसतसे बदलू. सभागृहातले आहेत तसेच राहू द्यावेत. उरलेल्या ७२ हजारांचे काय करावे, असे त्यांनी उलट विचारले आहे. त्याचे उत्तर मुलांना विचारून देऊ.