एका बाथरूमच्या सत्तर गोण्या

सकाळी ८.३०

मुलुंडच्या आमच्या सात मजली इमारतीत आज ५०२ मध्ये तोडफोड सुरू होणार आहे. ऑफिस उघडून मी पहिली त्यांचीच फाइल काढते. सोसायटीची मॅनेजर म्हणून अशा दिवशी माझं सगळं काम नूतनीकरणाच्या परिपत्रकाभोवती फिरतं. त्यात कामाच्या वेळा, डेब्रिज, लिफ्ट आणि परत मिळणारं डिपॉझिट अशी चार कलमं आहेत. त्यांतलं डेब्रिजचं कलम समजलं की बाकीची तीन का लिहिली आहेत, ते आपोआप कळतं.

फाइलमध्ये सभासदाचा अर्ज, कामांची यादी, ठेकेदाराचं हमीपत्र, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि डिपॉझिटच्या चेकची पावती आहे. कमिटीच्या परवानगीपत्रात काय करायचं नाही, हेही लिहिलं आहे: कॉलम, बीम आणि स्लॅबला छन्नी लावायची नाही, बाथरूमची जागा बदलायची नाही.

ठेकेदाराने अर्जात 'डेब्रिज अंदाजे पंचवीस गोण्या' असं लिहिलं होतं. मी त्याला बोलावून एकच प्रश्न विचारला होता, "बाथरूमचा संक किती खोल आहे?" जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा खाली असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. वरून फक्त लाद्या दिसतात, पण वजन लाद्यांखाली असतं.

तो म्हणाला, नऊ इंच. मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. बाथरूम सात फूट बाय पाच फूट, म्हणजे पस्तीस चौरस फूट. नऊ इंच खोलीने गुणलं की साधारण सव्वीस घनफूट कोबा झाला. घनफुटाला पंचेचाळीस ते पन्नास किलो धरले, तर बाराशे-तेराशे किलो. शिवाय भिंतींच्या सात फूट उंचीपर्यंतच्या टाइल्स आणि त्यांच्यामागचा मसाला, म्हणजे आणखी आठशे किलोच्या आसपास. एकूण दोन टनांहून थोडं जास्त. गोणीत तीस किलो भरले तर एका बाथरूमच्या सत्तर गोण्या होतात. म्हणून तोडफोड दोन दिवसांत विभागली आहे. आज फक्त भिंती, उद्या जमीन.

सकाळी ९.१५

आमच्या दोन लिफ्टपैकी डावीकडची कामासाठी दिली आहे. सुतार तिच्या तिन्ही बाजूंना प्लायवूड लावतो आहे, तळाशी जाड प्लाय आणि त्यावर रबरी मॅट. मी उभी राहून तीन गोष्टी बघते. पंखा आणि हवा यायच्या फटी झाकल्या जाता कामा नयेत. बटणांची पट्टी आणि अलार्म उघडा हवा. दरवाजाच्या कडेच्या सेन्सरसमोर प्लायची धार येता कामा नये, नाहीतर दार मिटतच नाही.

लिफ्टच्या पाटीवर आठ माणसं, ५४४ किलो असं लिहिलं आहे, म्हणजे माणशी ६८ किलो. प्लाय आणि मॅटचेच चाळीस-पन्नास किलो होतात. दहा गोण्यांचे तीनशे आणि दोन माणसांचे एकशे छत्तीस धरले की बेरीज ४८६ वर जाते. म्हणून एका फेरीला जास्तीत जास्त दहा गोण्या, असा आमचा नियम आहे आणि तो लिफ्टच्या दारावर मराठीत आणि हिंदीत चिकटवलेला आहे. गोण्या तळभर सारख्या पसरून ठेवायच्या. सगळ्या एका कोपऱ्यात रचल्या तर केबिन एका बाजूला दबते आणि गाइडवर घासत चालते.

दार उघडं राहावं म्हणून मध्ये वीट किंवा गोणी अडकवायलाही मनाई आहे. मिटू पाहणारं दार पुन्हा पुन्हा आपटलं की दाराची मोटर आणि पट्टा बिघडतात, आणि ती दुरुस्ती साध्या खरचट्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

सकाळी १०.००

पहिला हातोडा पडतो. भिंतीवर घातलेला घाव काँक्रीटमधून वर-खाली दोन-तीन मजले जातो, म्हणून आवाजाचं काम दहा ते एक आणि साडेतीन ते सहा एवढंच ठेवलं आहे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ते पूर्ण बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. तेवढ्यावरच विसंबलं, तर सकाळी सात वाजता ब्रेकर सुरू करणाऱ्याला थांबवणं अवघड जाईल. इमारतीत एकमेकांना सोसवेल अशा वेळा सर्वसाधारण सभेनेच ठरवून घ्याव्या लागतात.

४०२ मधल्या आजींना मी आठवड्यापूर्वीच वेळा सांगून ठेवल्या होत्या. त्या आज सकाळपासून लेकीकडे गेल्या आहेत. नोटीस बोर्डावर फक्त 'काम सुरू आहे' असं लिहून भागत नाही. मोठा आवाज नेमका कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी होणार, हे कळलं की लोक आपली सोय करतात. आजारी माणूस, लहान बाळ किंवा परीक्षेला बसलेलं मूल असलेल्या घरांना म्हणूनच तारीख आधी कळवायची.

सकाळी ११.३०

पाचव्या मजल्यावर जाते. मुकादम दारातच म्हणतो, "मॅडम, चप्पल घालूनच या, टाइलचे तुकडे आहेत." पहिली नजर नहाणी ट्रॅपवर. त्याच्या तोंडात गोणपाट कोंबून वर प्लॅस्टिक बांधलं आहे, ते ठीक. उघड्या ट्रॅपमध्ये मसाल्याचे तुकडे पडले तर ते खालच्या वळणावर अडकतात आणि तुंबलेलं पाणी खालच्या घराच्या बाथरूममधून वर येतं. घमेली धुतलेलं सिमेंटचं पाणी तर पाइपमध्ये घट्टच होऊन बसतं. ते कोणत्याही नाल्यात ओतायचं नाही, बादलीत निवळू द्यायचं आणि खालचा गाळ गोणीत भरायचा.

दुसरी नजर भरलेल्या गोण्यांवर. हॉलच्या मधोमध त्यांची चवड लागायला सुरुवात झाली आहे. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखलेला असतो, भारतीय मानकात घरांसाठी तोच आकडा आहे. सहा फूट बाय सहा फुटांच्या जागेत सत्तर गोण्या रचल्या, तर तिथे चौरस मीटरला सहाशे किलोंहून जास्त भार येतो, तिप्पट. स्लॅब लगेच कोसळत नाही, कारण डिझाइनमध्ये सुरक्षिततेची जागा ठेवलेली असते. पण गळतीने सळ्या गंजलेल्या जुन्या स्लॅबमध्ये ती जागा किती उरली आहे, हे वरून दिसत नाही. खालच्या घरात छताला बारीक तडा जाणं किंवा प्लास्टरचा पोपडा सुटणं, ही पहिली खूण.

मी मुकादमाला गोण्या भिंतींलगत, एकेरी आणि अंतर सोडून लावायला सांगते. तो लगेच माणसं लावतो. डेब्रिज त्याच दिवशी खाली गेलंच पाहिजे, या नियमाचं मूळ कारण हेच आहे. स्वच्छता त्यानंतर येते.

दुपारी २.००

एक ते साडेतीन हातोडा बंद. जेवण झाल्यावर, दोन वाजता गोण्या उतरवायच्या. शाळेतून मुलं परतलेली असतात, ऑफिसवाले यायचे असतात, लिफ्टला गर्दी नसते. गोणी आपटायची नाही आणि ओढायची नाही, उचलून मॅटवर ठेवायची. गोणीचं तोंड सुतळीने बांधलेलं हवं आणि आतला माल थोडा ओलसर केलेला असावा, म्हणजे धूळ उडत नाही. पाणी मात्र गळता कामा नये.

सत्तावीस गोण्या तीन फेऱ्यांत खाली येतात. वॉचमन प्रत्येक फेरीला रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. मी आधीच्या हिशेबाशी ताडून बघते: आठशे किलो म्हणजे सत्तावीस गोण्या. आकडा जमला. तो फार कमी आला असता, तर मी आधी इमारतीच्या मागच्या डक्टमध्ये डोकावले असते. मेहनत वाचवायला खिडकीतून डक्टमध्ये टाकलेले तुकडे पाइपच्या बेंडवर आदळतात, आणि पाइप फुटल्याचं महिन्याभराने भिंतीवरच्या ओलीतून कळतं.

दुपारी ४.००

टेम्पो येतो. गोण्या फुटपाथवर किंवा कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवायच्या नाहीत. बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार छोट्या घरकामाचा राडारोडाही घरगुती कचऱ्यात मिसळता येत नाही, तो वेगळा ठेवून ठरलेल्या जागीच द्यावा लागतो. मुंबई महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' ही सेवा आहे, आणि ५०२ ने तिथेच पैसे भरून नोंद केली आहे. स्वस्तातला टेम्पो बऱ्याचदा खाडीकाठी किंवा कांदळवनात रिकामा होतो. म्हणून डेब्रिज कुठे गेलं याची पावती फाइलला लागल्याशिवाय आमच्याकडे डिपॉझिटचा अर्ज पुढे सरकत नाही.

सायंकाळी ६.००

काम थांबलं. लिफ्टच्या उंबऱ्याच्या खाचेत वाळू आणि टाइलचा चुरा साचतो. तो तसाच राहिला तर दार अडखळतं, पुन्हा उघडतं आणि उद्या सकाळी लिफ्ट मधल्याच मजल्यावर उभी राहते. खाच ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करायची, पाण्याने कधीच नाही, कारण पाणी थेट खालच्या पिटमध्ये उतरतं आणि तिथे विजेची उपकरणं असतात. मुकादम आणि मी मिळून लॉबी बघतो. काम सुरू होण्याआधी गेटपासून ५०२ च्या दारापर्यंत काढलेले फोटो, सभासदाच्या सहीसकट, माझ्या हातात आहेत.

सायंकाळी ६.३०

खजिनदार काका येतात. ५०२ चे पंचवीस हजार चेकने घेतले आहेत आणि वहीत 'डिपॉझिट' या वेगळ्या खात्यात, सोसायटीचं देणं म्हणून दाखवले आहेत. हा पैसा सोसायटीचं उत्पन्न नाही. त्यातून कापायचं ते फक्त झालेल्या नुकसानीच्या दुरुस्तीचं बिल, आणि त्या बिलाची प्रत सभासदाला द्यायची. नियम मोडल्याचा दंड ही निराळी बाब आहे. तो सर्वसाधारण सभेने ठरवलेला असावा लागतो आणि आकारण्याआधी सभासदाचं म्हणणं ऐकावं लागतं. दंड परस्पर डिपॉझिटमधून कापला की भांडण कमिटीच्या विरोधात जातं, आणि ते योग्यही असतं.

काका विचारतात, "वॉटरप्रूफिंगनंतर गळती निघाली तर? डिपॉझिट तेव्हापर्यंत ठेवायचं का?"

नाही. नवं वॉटरप्रूफिंग झालं की लाद्या लावण्याआधी बाथरूममध्ये चार इंच पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि ४०२ चं छत रोज बघायचं. खूण आणि छत दोन्ही ठीक असली, कामाच्या शेवटी लॉबी आणि लिफ्टची एकत्र पाहणी झाली आणि डेब्रिजच्या पावत्या लागल्या, की पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम चेकने परत. त्यानंतर वर्षाने गळती निघाली, तर त्यासाठी सभासदाचं लेखी हमीपत्र आहे. पंचवीस हजारांत खालच्या घराचं छत दुरुस्त होईलच असं नाही. म्हणून पुढच्या पावसाळ्याच्या भीतीने कुणाचे पैसे अडकवून ठेवायचे नाहीत, असं आम्ही परिपत्रकातच लिहिलं आहे.

उद्याच्या नोंदीत मी लिहिते: जमीन तोडणे, अंदाजे त्रेचाळीस गोण्या, लिफ्टच्या पाच फेऱ्या, टेम्पो चार वाजता. आणि अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवते, 'संकची खोली किती इंच'. ६०१ चा अर्ज पुढच्या आठवड्यात येतो आहे.